एक पणती, दोन जोडलेले हात

मला छान लिहिता येतं, असं माझं स्वतःचं ठाम मत आहे. सहकारी बँकेत असताना कर्जदारांना जाणाऱ्या नोटिसा मी लिहायचे आणि त्या वाचून भलेभले हप्ता भरायला धावत यायचे. निवृत्त झाल्यावर ही कला गंजू नये म्हणून मी सोसायटीतल्या पाण्याच्या सूचना लिहायला घेतल्या. त्यामुळे धाकट्या बहिणीने तिच्या बेकरीच्या इन्स्टाग्रामसाठी चार ओळी लिहून मागितल्या, तेव्हा मी चष्मा पुसून तयारच होते. चार ओळी मला जड नव्हत्याच. जड गेली ती त्या ओळींमध्ये टाकायची इमोजीची चित्रं.

बहिणीची बेकरी पंचवटीतल्या एका गल्लीत आहे. समोरून रिक्षा आली की दुचाकीवाल्याने पाय वर घ्यायचे, एवढी ती गल्ली. खारी, टोस्ट, नानकटाई, मावा केक हे बारा महिने, आणि दिवाळीला फराळ. त्या फराळाची खासियत अशी की करंजी, चकली, शंकरपाळी सगळं भट्टीत भाजलेलं, तेलात काही तळायचं नाही. ही कल्पना आमच्या मेहुण्यांची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची. दुकानाचं इन्स्टाग्रामही तेच चालवायचे आणि तिथे त्यांचा हात भलताच सैल होता. साध्या टोस्टच्या फोटोखाली ते मोर, विमान, नाचणारी बाई आणि तीन-चार कलिंगडं टाकत. टोस्टला कलिंगड कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "ताई, लाल रंग उठून दिसतो," म्हणाले.

वैशाखात मेहुणे गेले. सकाळी छातीत कळ येतेय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवसकार्य झाल्यावर बहिणीने दुकान उघडलं, कारण दुसरा इलाज नव्हता. खारी-टोस्टवर कसंबसं चाललं होतं. इन्स्टाग्राम मात्र तिने उघडलं नाही. त्यांच्या शेवटच्या पोस्टवर आंब्याचा केक होता आणि त्याच्याभोवती अख्खं प्राणिसंग्रहालय. ते तसंच पडून राहिलं.

मग दसरा आला. दुकानाचं वर्षाचं खरं पीक दिवाळीचं, आणि फराळाच्या ऑर्डरी दसऱ्यानंतर घ्यायला सुरुवात केली नाही तर गिऱ्हाईक द्वारका चौकाकडच्या मोठ्या दुकानांत जातं, ते पुन्हा फिरकत नाही. बहिणीने मला स्पष्टच सांगितलं, "ताई, ही दिवाळी गेली तर मला दुकान विकावं लागेल. भट्टीवाला कारागीर सोडून जाईल. लाडू वळणाऱ्या मावशींना मी काय सांगू?"

"मग घे की ऑर्डरी. अडलंय कुठे?"

अडलं होतं ते तिच्या थोरल्या जावेपाशी. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात त्या वर्षी सण नाही, हे मलाही मान्य आहे. आकाशकंदील नाही, नवे कपडे नाहीत, चुलीवर कढई चढवायची नाही. पण जावेचं म्हणणं त्याच्याही पुढचं होतं. घरात दिवाळी नाही तर जगापुढे दिवाळीचा डांगोरा कसा पिटायचा? ही जाऊ नामपूरला राहते. तिथे कांद्याच्या मार्केटात तिच्या नवऱ्याचा गाळा आहे, आणि तिच्या हातात दिवसभर मोबाइल. बहिणीचं इन्स्टाग्राम ती पाहते, फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकते आणि खाली एकच शब्द लिहिते, "बघा." त्या एका 'बघा'ने आमच्या ओळखीच्या दोन सोयरिकी मोडल्या आहेत.

जावेची समजूत काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. तिला फोन लावला आणि म्हटलं, "वहिनी, या वर्षी कढई ठेवायची नाही, बरोबर?"

"बरोबर. शास्त्रच आहे तसं."

"तर आमच्याकडे कढई नाहीच. आमचं सगळं भट्टीत भाजतात. भट्टीबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं असलं तर सांगा."

यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही बँकेत होतात ना, म्हणून असं बोलता." पुढे म्हणाली, "ऑर्डरी घ्या. धंदा आहे, कळतं मला. पण ते झगमग, नाचगाणी, फटाके काही नको हं. लोक मला विचारतात."

एवढी परवानगी मला पुरेशी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना आम्ही दोघी मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांवर बसलो. फोटो तयार होता. पांढऱ्या ताटलीत बेसनाचे लाडू, खाली पांढरा टेबलक्लॉथ. रंगीत रुमाल जावेला खटकेल म्हणून बहिणीने पांढरा निवडला होता. आता प्रश्न खालच्या मजकुराचा आणि त्यातल्या चित्रांचा.

चित्रांशिवाय नुसतंच लिहू, असं मी सुचवून पाहिलं. बहीण म्हणाली, "तुझं लिहिणं आणि वर चित्रं नाहीत, म्हणजे लोकांना वाटेल जप्तीची नोटीस आली." बहीण पाठची असली की असलं ऐकून घ्यावं लागतं.

मग मी मोबाइलच्या कीबोर्डवरची चित्रं एकेक करून तिच्यासमोर धरायला लागले आणि ती एकेकाला बाद करत गेली. फटाक्याची आतषबाजी बाद. कागदी तुकडे उडवणारा तो शंकू बाद, तो वाढदिवसाचा. चमचमत्या चांदण्या मला निरुपद्रवी वाटल्या, पण "झगमग नको म्हणाल्यात ना" म्हणून त्याही गेल्या. जीभ बाहेर काढून मिटक्या मारणारा पिवळा चेहरा मी मुद्दाम दाखवला. ती म्हणाली, "नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि मी जीभ काढू?" लाल बदाम दाखवला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच तो घाईघाईने पुसला. झेंडूचं फूल शोधलं तर ते कीबोर्डवर नाहीच. सूर्यफूल आहे, गुलाब आहे, कमळ आहे, पण दसऱ्याला अख्ख्या नाशिकभर ढीग लागतात तो झेंडू नाही. लाडू नाही, करंजी नाही, चकली तर नाहीच. जपान्यांच्या भाताच्या गोळ्यालासुद्धा तिथे जागा आहे आणि बेसनाचा लाडू अजून दाराबाहेर उभा आहे, याचा मला मनापासून राग आला.

शेवटी गाळून गाळून दोनच उरली. एक पणती, कारण दिवाळी म्हणजे पणती, आणि तिला जाऊसुद्धा नाव ठेवणार नाही. आणि दोन जोडलेले हात, कारण गिऱ्हाइकाला नम्रतेने नमस्कार.

मजकूर मी लिहिला. मेहुण्यांचा उल्लेख आधी हवा, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांनी दुकान लोकांसमोर येतंय, एकदम लाडवांवर उडी कशी मारायची? तर वर पणती टाकली, तिच्यापुढे लिहिलं,

🪔 ज्यांनी ही भट्टी पेटवली, ते यंदा आपल्यात नाहीत. त्यांच्या आठवणीला वंदन. 🙏

मग एक ओळ मोकळी सोडली आणि खाली बाकीचं सगळं लिहिलं. भाजणीची चकली, करंजी, शंकरपाळी, बेसन लाडू, ऑर्डर सुरू, दुकानात या किंवा मेसेज करा. वंदनाच्या ओळीला नमस्कार शोभतो म्हणून हात तिथेच जोडले, शेवटी नाही. वाचून बहिणीचे डोळे भरून आले. माझेही आले. चार ओळींत माणूसही आला आणि मालही आला, याचा मला फार अभिमान वाटला. पोस्ट टाकून मी पंचवटी कारंज्यावरून भाजी घेऊन घरी गेले.

आता इन्स्टाग्रामची एक खोड आहे, ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. फोटोखालचा मजकूर ते सगळा दाखवत नाही. वरची एखाद-दुसरी ओळ दाखवतं, पुढे टिंबं देतं आणि 'आणखी' असं लिहितं. त्या शब्दावर बोट ठेवलं तरच खालचं उघडतं. आणि बोट ठेवण्याएवढा वेळ आजकाल कोणाला आहे? म्हणजे लोकांना काय दिसलं? पांढरं कापड, पांढरी ताटली, वर तेवणारी एक पणती, 'ते आपल्यात नाहीत' आणि खाली जोडलेले हात. बस्स. जिथून दशक्रियेचा घाट चालत पाच मिनिटांवर आहे, त्या गल्लीतल्या दुकानाची ही पोस्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. आवाज विचित्र होता. "ताई, ये लगेच," एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा लाडू वळणाऱ्या मावशी काउंटरपाशी मोबाइल डोळ्यांजवळ धरून उभ्या होत्या. मावशी दिंडोरीकडच्या, त्यांना इन्स्टाग्राम नातीने लावून दिलेलं. मला बघून म्हणाल्या, "ताई, लोकं लाडवावर फुलं का वाहू राहिले? लाडू तर लय भारी झालते."

मी मोबाइल घेतला. बेसनाच्या लाडवांखाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली होती. ॐ शांती. पुष्पगुच्छ. जोडलेले हात. रडणारा चेहरा. पुन्हा जोडलेले हात. पहिल्या माणसाने फूल वाहिलं म्हणून दुसऱ्याने वाहिलं, दुसऱ्याने वाहिलं म्हणून तिसऱ्याने, आणि मग लोक आपले ओळीने येऊन नमस्कार करून जात होते. 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो,' असं एकाने लिहिलं होतं, आणि वर फोटोत लाडू आणखीच तुपकट दिसत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तो मारुती मी डोळ्यांनी पाहिला.

ऑर्डर एकही नव्हती. श्रद्धांजलीच्या रांगेत उभं राहून चकली कशी दिली, असं विचारायचं धाडस कोण करणार?

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. दहाच्या सुमारास पांढरे कपडे घातलेले दोन वयस्कर गृहस्थ दुकानात आले. मेहुणे नदीकाठी सकाळी फिरायला जात, तिथल्या ओळखीतले. त्यांना काही कळलंच नव्हतं. मेहुणे दिसत नाहीत म्हणजे गावाकडे गेले असतील, असा त्यांचा समज. काल नातवाने पोस्ट दाखवली आणि ते बिचारे भेटायला आले. बहिणीसमोर माना खाली घालून उभे राहिले. "काल कधी झालं?" एकाने हळूच विचारलं.

"वैशाखात," बहीण म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि बँकेची जुनी सवय म्हणून फराळाची यादीही दिली. जाताना एकाने अर्धा किलो शंकरपाळी नेली. दारापर्यंत ती पिशवी त्याने पाठीमागे धरली होती.

ते गेल्यावर बहीण माझ्यावर उखडली. "तुला सांगितलं होतं चित्रं निवड म्हणून. तू माझ्या दुकानाचं दहावं घातलंस." माझ्या नोटिसांचा, चष्म्याचा, बँकेच्या पेन्शनचाही तिने उद्धार केला. मी गप्प बसले नाही. हे नको, ते नको, झगमग नको, बदाम नको, असं कोण म्हणत होतं? सगळा रंग तिने काढून घेतला आणि उरलेलं पांढरं माझ्या पदरात टाकलं. काउंटरच्या दोन बाजूंनी आम्ही दोघी अशा भांडलो की खारी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खारी न घेताच परत गेलं.

पोस्ट काढून टाक, असं मी शेवटी म्हटलं. ती म्हणाली, नको. मग मजकूर बदलू या, वर दोन रंगीत चित्रं घालू. बदलता येतो, तेवढं मला माहीत होतं. ती म्हणाली, "मजकूर बदलेल. खालच्या श्रद्धांजल्या तशाच राहतील. वर हसरा चेहरा आणि खाली ईश्वर सद्गती देवो. अजून शोभा करायची आहे का?" यात तिचं बरोबर होतं, आणि ते कबूल करायला मला जड गेलं.

एवढ्यात नामपूरहून फोन आला. बहिणीने घाबरतच स्पीकरवर टाकला. जाऊ म्हणाली, "पोस्ट बघितली गं. किती शोभेशी टाकलीस. घरातल्यासारखी. मी ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी नमस्कार केले." जाऊबाईंनीही 'आणखी'वर बोट ठेवलं नव्हतं. खाली चकलीची ऑर्डर आहे, याचा तिला पत्ता नव्हता. भावकीच्या ग्रुपवर आमच्या बेसन लाडवांचं सुतक पाळलं जात होतं. मी तोंडात पदर कोंबला. बहीण "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत राहिली.

फोन ठेवून ती पोत्यावर बसली आणि त्या श्रद्धांजल्या पहिल्यापासून वाचायला लागली. मला वाटलं, पुन्हा चिडेल. पण ती एकेक वाचत होती, आणि मध्येच थांबत होती. नुसते हात जोडणारे पुष्कळ होते, पण मधूनमधून कोणी लिहिलंही होतं. एका मुलीने लिहिलं होतं की शाळेतून येताना काका तिला तुटलेल्या खारीचा पुडा द्यायचे आणि पैसे दिले तर रागवायचे. एकाने लिहिलं होतं की त्याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सकाळी दवाखान्यात पाव पोचवणारा माणूस हाच. एकाने फक्त लिहिलं होतं, "आता टोस्टखाली मोर कोण टाकणार?"

बहीण म्हणाली, "हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दवाखान्याचं."

दिवसकार्याला लोक येतात ते ओळीत बसतात, चहा घेतात, "काळजी घ्या" म्हणून उठतात. असं काही कोणी बोलत नाही. माझ्या चुकलेल्या पोस्टखाली ते सगळं न सांगितलेलं येऊन साचलं होतं. ती रडली आणि मीही तिला रडू दिलं.

रडता रडता ती एकदम थांबली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. सगळ्यात खाली नुकतंच कोणीतरी लिहिलं होतं, "भावपूर्ण श्रद्धांजली. बेसन लाडू किलोला कसे?"

आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींकडे पाहत राहिलो. मग बहीण हसली. वैशाखानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. नंतर तिला आवरेना. मावशी आतून पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि काय झालं ते न कळताच त्याही हसायला लागल्या. ज्या कोणी तो प्रश्न विचारला, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. दुकानाचा तो पहिला ऑर्डरवाला. आधी दुःख व्यक्त करून मग भाव विचारणारा, म्हणजे तो नाशिककरच असणार.

नवी पोस्ट बहिणीने स्वतः केली. मला तिने शेजारी बसू दिलं, पण मोबाइलला हात लावू दिला नाही. वंदन नाही, पणती नाही. पहिल्या ओळीतच माल, म्हणजे टिंबांच्या आधी लोकांना तो दिसेल. प्रत्येक पदार्थाच्या पुढे एकेक चित्र, पंगतीत पान मांडल्यासारखं. करंजीला तिने चिनी लोकांचा वाफवलेला मोमो दिला, कारण मुरड अगदी करंजीसारखीच आहे. शंकरपाळीला पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला. चकलीला काय द्यावं, यावर अडलं. गोगलगाय मी सुचवली, तिने डोळे वटारले. मग तिने वादळाचं निळं चक्र शोधलं. मावशींच्या जुन्या फोनवर ते कसं दिसतं हेही पाहून घेतलं, कारण तिथे काही चित्रांच्या जागी नुसता रिकामा चौकोन येतो. चक्र तिथेही चक्रच दिसलं. लाडवाला नारिंगी गोळा. आणि सगळ्यात शेवटी, मला न विचारता, जीभ बाहेर काढून मिटक्या मारणारा चेहरा.

"वहिनी?" मी म्हटलं.

"वहिनींचं मी बघते," म्हणाली. जुनी पोस्टही तिने काढली नाही. ती तिथेच आहे, खालच्या फुलांसकट.

वहिनींचा फोन अर्थातच आला. आधीची कशी शोभेशी होती आणि ही जीभ काढलेली कुणी टाकली? बहीण शांतपणे म्हणाली, "मी टाकली, वहिनी. आधीच्या पोस्टवरही चकली होती. तुम्ही पुढे वाचलं नाहीत." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवशी भावकीच्या ग्रुपवर 'बघा' आलं नाही. उगाच पुन्हा न वाचता काही टाकलं तर, अशी भीती बसली असावी.

ऑर्डरी आल्या. पहिल्या पोस्टवर ज्यांनी फुलं वाहिली होती, तेच दुसऱ्या पोस्टवर किलो-किलो मागत होते, आणि पुष्कळांनी एक जास्तीचा डबा मागितला. तो कोणासाठी, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. कारागीर राहिला, मावशी राहिल्या, दुकान राहिलं. धनत्रयोदशीपर्यंत बहिणीला श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती.

जास्तीच्या डब्यांचा उलगडा लक्ष्मीपूजनाच्या दुपारी झाला. दुःखाच्या घरात फराळ करत नाहीत, तो दुसऱ्यांनी आणून द्यायचा असतो, ही आपली रीत. तर लोक येऊ लागले. पांढऱ्या कपड्यांतले ते दोघे आले, खारीवाली मुलगी तिच्या आईला घेऊन आली, ज्याच्या आईला दवाखान्यात पाव पोचायचे तो मुलगा आला. आणि प्रत्येकाच्या हातात बहिणीच्याच दुकानाचा डबा. काहींनी लाज वाटून वरचं लेबल काढलं होतं, काहींना ते निघालं नव्हतं. नामपूरहून एकाच्या हाती डबा आला, तोही आमचाच. जाऊबाईंनी शेजारणीच्या नावाने मागवलेला. बहिणीच्या घरात तिच्याच फराळाची चळत लागली. मला हसू दाबता येईना. मी म्हटलं, "हे पुन्हा दुकानात नेऊन ठेवू या का? पाडव्याला विकले जातील."

बहीण हसली नाही. तिने जावेचा डबा उघडला आणि लाडू हातात घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वैशाखापासून तिने दुकानातला एकही पदार्थ तोंडात घातला नव्हता. चव पाहायचं काम मेहुण्यांचं. ते गेल्यावर ती मावशींना विचारून माल विकत होती, स्वतः चाखत नव्हती. "दुकानातलं घशाखाली उतरत नव्हतं गं," म्हणाली. "पण हे दुकानातलं नाही. हे लोकांनी आणलंय."

तिने लाडू खाल्ला. वेलची जरा कमी पडलीय, म्हणाली, आणि दुसरा घेतला. मग मोबाइल माझ्याकडे सरकवला. सगळ्यांचे आभार मानायला हवेत, या वेळी तूच लिही, पाहिजे ती चित्रं टाक.

"फक्त हात जोडू नकोस," म्हणाली, "लोक पुन्हा भेटायला येतील." हे बोलताना तिच्या तोंडात लाडू होता.